डार्क फील्डमधल्या सुया

दादाला मायक्रोस्कोपच्या खोलीत नेण्याची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे. भावाबहिणीत आडपडदा नको, असं तेव्हा फार थोर वाटलं होतं.

आमच्या कारखान्यात टायटॅनियमचे बोल्ट होतात. दादा ते तापवणाऱ्या भट्टीचा फोरमन आणि मी तपासणीच्या लॅबमध्ये. कॅन्टीनमध्ये लोक म्हणायचे, भाऊ भाजतो आणि बहीण चव घेते. दादाला हा विनोद इतका आवडायचा की तो नव्या माणसाला स्वतःच सांगायचा. भट्टीवर त्याचा जीव होता. वहिनी म्हणायची, ताप मला आला तर याला दुसऱ्या दिवशी कळतो, भट्टीला आला की लगेच.

मग एका खेपेतल्या बोल्टना तडे गेले.

तपासणी आमच्या साहेबांनी स्वतःकडे घेतली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, कारण ते कुणालाही कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगत. भावाची खेप म्हणून मला लांब ठेवलं होतं, आणि ते योग्यच होतं. गुरुजींनी तडा गेलेल्या बोल्टची चकती कापली, घासून कागदासारखी केली आणि दोन्ही बाजूंनी आम्लाची धार सोडून, वीज लावून, मधोमध बारीक भोक पडेपर्यंत झिजवली. भोकाच्या कडेला धातू इतका पातळ होतो की इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. त्यालाच आम्ही फॉइल म्हणतो.

फॉइल मायक्रोस्कोपमध्ये ठेवली की धातूतल्या अणूंच्या मांडणीप्रमाणे इलेक्ट्रॉन वळतात आणि पडद्यावर ठिपके पडतात. नेहमीचे ठिपके उमटले, टायटॅनियमचे, ओळीत शिस्तीने. पण त्यांच्या अधेमधे आणखी काही फिके ठिपके होते. गुरुजींनी त्यांची अंतरं आणि कोन मोजले आणि म्हणाले, "हायड्राइड." म्हणजे धातूत हायड्रोजन शिरला आणि धातू ठिसूळ झाला. हायड्रोजन कुठून शिरणार? भट्टीत सोडतात तो वायू ड्रायरमधून नीट कोरडा होऊन आला नाही तर तिथून. सगळी बोटं दादाकडे वळली. बोल्टमध्ये एकूण हायड्रोजन किती, हे मोजायला नमुना बाहेर पाठवला होता, त्याचं उत्तर यायचं होतं. पण मॅनेजरला घाई होती.

"मला एकदा दाखव," दादा म्हणाला. "माझ्या भट्टीने काय केलंय ते मी बघतो."

जेवणाच्या सुट्टीत मी गुरुजींना विचारून त्याला घेऊन गेले. दादा दाराशी चपला काढायला लागला. मी म्हटलं, "अरे, देऊळ नाही हे." तरी त्याने काढल्याच.

आधी ब्राइट फील्ड दाखवलं. "हा मधला ठिपका बघ. इलेक्ट्रॉन न वळता सरळ आले की इथे पडतात. तेवढेच घ्यायचे, बाकीचे अडवायचे. मग भोक लख्ख दिसतं, धातू करडा, आणि जिथून इलेक्ट्रॉन दुसरीकडे वळले ती जागा काळी." पडद्यावर करड्या धातूत पुसट काळ्या रेघा होत्या. दादाने खांदे उडवले. "ओरखडे वाटतात."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची हौस, गुरुजींच्या हाताखाली वाढलेली ना! "आता उलट करते," मी म्हटलं. किरण तिरपा केला, फिका ठिपका बरोबर मध्यावर आणला आणि तेवढाच मायक्रोस्कोपमधल्या बारीक छिद्रातून जाऊ दिला. "हे डार्क फील्ड. आता हा हायड्राइडचा ठिपका जिथून आला, तेवढीच जागा उजळेल."

पडदा काळा झाला. भोकसुद्धा काळं. आणि त्या काळोखात शेकडो सुया चमकल्या.

दादा पुढे वाकून बघत राहिला. म्हणाला, "एवढ्या?"

"हो."

"माझ्या भट्टीतून?"

हे चित्र सुया कुठे आहेत ते सांगतं, कधी आल्या ते सांगत नाही. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हणाले, "दिसतंय तरी तसंच."

तो गेल्यावर मात्र मला चैन पडेना. सुयांची गर्दी भोकाच्या अगदी पातळ कडेला होती, आत जाडीकडे विरळ. आम्ल कडक थंड नसेल तर झिजवतानाच हायड्रोजन फॉइलमध्ये शिरू शकतो. मी गुरुजींना विचारलं, "सर, त्या दिवशी आम्ल किती थंड होतं?"

"होतं की थंड," ते म्हणाले. मग नोंदवही चाळून, "मोजलं नाही. पण ठिपके खोटं बोलत नाहीत."

ठिपके खोटं बोलत नव्हतेच. त्यांना भलताच प्रश्न विचारला होता. भट्टीचं तोंडही न पाहिलेल्या सळईचा तुकडा मी त्याच आम्लात, तसाच झिजवला. तेच फिके ठिपके, त्याच सुया. मग तडा गेलेल्या बोल्टचीच दुसरी फॉइल केली. या वेळी आम्ल नाही, थंड ठेवून आर्गॉन वायूच्या आयनांचा मारा करून पातळ केली. हे काम फार सावकाश चालतं. एखाद्या कोनात ठिपके लपायला नकोत म्हणून होल्डर वळेल तितकी फॉइल सगळीकडे कलती करून पाहिली. फक्त टायटॅनियमचे ठिपके. अधेमधे काळोख. मी खुर्चीतच हसले आणि मग रडले.

गुरुजींनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि कपाळावर हात मारला. लगेच अहवाल मागे घेतला. माणूस मोठाच. पुढे बाहेरून उत्तर आलं, हायड्रोजन मर्यादेत. तडे आटे पाडणाऱ्या झिजलेल्या रोलरमुळे गेले होते, त्याने धातूला घडी पडत होती आणि तिथूनच तडा जात होता.

पण त्याआधीच दादाने लिहून दिलं होतं की चूक माझी, मला भट्टीवरून काढा. कुणी मागितलं नव्हतं.

मॅनेजरने त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. गोदामात खोकी मोजत बसला. शेवटी मी आणि गुरुजी त्याच्या घरी गेलो. गुरुजींनी हात जोडले. "चूक माझी होती, फोरमन. आम्लाची. तुमची भट्टी चोख होती." नेहमीप्रमाणे ते हे दोनदा म्हणाले. मी चित्रं पुढे ठेवली. दादाने ती पाहिलीसुद्धा नाही.

"तुम्ही दोघं मला वाचवायला आलात," तो म्हणाला. "उपकार आहेत. पण ताईसाहेब, मी डोळ्यांनी पाहिल्यात त्या सुया. तूच दाखवल्यास. त्या दिवसापासून आठवत बसलो, कुठे चुकलं असेल, कुठे चुकलं असेल. आणि आठवलं."

"काय आठवलं?"

"वायूच्या नळीवरचा ड्रायर. त्यातले दाणे दमट झाले होते. मी बघितलं आणि तसाच पुढे गेलो. अजून डोळ्यांसमोर आहे. निळ्याचे गुलाबी झाले होते."

वहिनी माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. गुरुजी खाली बघत होते. दादाच्या भट्टीवरच्या ड्रायरमध्ये पांढरे दाणे असतात. ते भिजोत की कोरडे राहोत, रंग बदलत नाहीत. मी कामाला लागले त्या वर्षी हे मला दादानेच सांगितलं होतं.