मधमाश्यांच्या मालकिणीची आडवी स्वारी

चाळीस वर्षे मधमाश्या पाळलेल्या सासूबाईंना मनगटावरचा डंख म्हणजे किरकोळ बाब वाटली. पाचच मिनिटांत पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"जरा फिरून येते, उतरेल," म्हणत त्या उठू लागल्या.

"आई, उठलात तर माझ्याशी गाठ आहे! आडव्या व्हा!"

सुनेने अशा वेळेसाठी डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेले इंजेक्शन कपड्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचले आणि रुग्णवाहिका बोलावली.

ती येईपर्यंत सासूबाईंचा आवाज परतला. "मी ठणठणीत आहे. गाडी परत पाठव!"

"औषध ओसरलं की घसा पुन्हा आवळेल. दवाखान्यात जाऊन भांडा."

सासूबाईंनी स्ट्रेचरवाल्याला दरडावले, "डोकं पुढे ठेव रे! पाय पुढे करून मी इतक्यात जायची नाही."