ऑगस्टमधली चोपन्न युनिटं

विनिताबाई गणिताच्या मास्तरीण. पेडण्याच्या शाळेत वीस वर्षं पाढे घोकून घेतलेले, त्यामुळे आकड्यांनी आपल्याला फसवावं हे त्यांना खपायचं नाही. पण घरातलाच आकडा फसवतो तेव्हा काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नसतं.

गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली होती. त्यांच्या हळर्ण गावी पाऊस वाऱ्यासकट आला की वीज गेलीच म्हणून समजा. पूर्वी विनिता दिवा लावून खुशाल बसायची. आता तसं बसून भागत नव्हतं. तिचा नवरा कृष्णनाथ पंचवीस वर्षं डिचोलीकडे खाणीचे ट्रक चालवत होता. धूळ कुठे जाणार? ती छातीत बसली. मे महिन्यात म्हापशाच्या डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र दिलं आणि बजावलं, दिवसरात्र लावायचं, रात्री तर चुकवायचंच नाही. यंत्र विजेवर चालतं. वीज गेली तर कोपऱ्यात सिलिंडर होता, पण त्याची चावी इतकी घट्ट की ती फिरवेपर्यंत कृष्णनाथला दम लागायचा. विनिता शाळेत आणि घरी वीज गेली तर? या एका प्रश्नाने तिला महिनाभर पोखरलं होतं. बॅटरी घ्यायची का, आणि घ्यायची तर केवढी, हे तिला चवथीआधी ठरवायचं होतं.

छपरावर तीन किलोवॅटचं सोलर गेल्या वर्षी बसवलं होतं. बसवणारा सिद्धेश डिचोलीचा, पण शिकला तो पेडण्याला आजोळी राहून, तिच्याच वर्गात. सातच्या पाढ्याला कायम अडखळायचा. शनिवारी मधल्या सुट्टीत तिने ॲपच्या पडद्याचा फोटो काढून त्याला पाठवला. ऑगस्टमध्ये सोलरने दोनशे अठ्ठावीस युनिटं केली आणि घराने तीनशे अठरा वापरली. खाली तिने लिहिलं, ‘नव्वद कमी पडतात, म्हणजे दिवसाला तीन. तीन युनिटची बॅटरी पुरेल ना?’

सिद्धेशचा लगेच फोन आला.

“बाई, रागावू नका, पण गणित चुकलं.”

“माझं?”

“बॅटरी वीज तयार करत नाही, नुसती साठवते. ही नव्वद युनिटं तुम्ही वीज खात्याकडून घेतलीत. एप्रिलमध्ये सोलरने तीनशे नव्वद केली होती, तेव्हा उरलेली खात्याला दिलीत. पावसात कमी, उन्हाळ्यात जास्त, वर्षाचं गणित बसतंय. त्यासाठी बॅटरी नको.”

“म्हणजे बॅटरी नकोच?”

“थांबा. वीज गेली की तुमचं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्याच विजेचा झटका बसायचा. तेव्हा बॅटरी लागते ती त्या तासांसाठी. महिन्याचा आकडा ते सांगत नाही. वीज गेल्यावर काय काय चालू ठेवायचं आणि किती तास, ते बघावं लागतं. एका दिवसाचा आलेख पाठवा.”

तिला कौतुक वाटलं. पोरगा शहाणा झाला होता. तिने आदल्या दिवसाचा आलेख पाठवला. पिवळी रेघ सोलरची, ढगांनी जागोजागी तोडलेली. निळी रेघ घराच्या वापराची.

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. “बाई, मोठ्या बॅटरीची गरज नाही. रात्री साडेअकरा ते साडेचार तुमचा वापर जेमतेम एकशेदहा वॉट दिसतोय. पंखा आणि फ्रीज. साधा इन्व्हर्टरसुद्धा रात्र काढेल.”

“असं कसं? यंत्रच साडेतीनशे वॉट खातं.”

“दिवसा खातं, दिसतंय ना. निळी रेघ साडेचारशेच्या खाली येत नाही. रात्री तुम्ही बंद करता ना ते?”

विनिताने फोन कानावरून काढला आणि आलेख पुन्हा उघडला. सिद्धेशने दोनदा हाक मारली आणि मग फोन ठेवला. मुलगा हुशार, त्याला कळलं.

तिने पेपर तपासायची लाल पेन्सिल उचलली. गेल्या ऑगस्टला, यंत्र नव्हतं तेव्हा, घराला एकशेबारा युनिटं लागली होती. यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ पूर्णांक चार, एकतीस दिवसांची दोनशे साठ. बेरीज तीनशे बहात्तर. ॲप म्हणत होतं तीनशे अठरा. चोपन्न युनिटं कुठे गेली? चोपन्नला एकतीसने भागलं, मग साडेतीनशे वॉटने. उत्तर पाच तास. रोज पाच तास, एकही रात्र न चुकता.

हे गणित चौथीच्या मुलाला जमलं असतं. आकडा आठवडाभर तिच्या फोनमध्ये पडून होता आणि बाई बॅटरी मोजत बसल्या होत्या.

तिने डॉक्टरांना फोन लावून कृष्णनाथच्या रात्रीच्या पाच तासांचं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. सकाळी डोकं दुखतं? दुखायचं, ती पावसाला दोष देत होती. पाय सुजलेत? होय, आठवडाभर. डॉक्टर म्हणाले, “सोमवारची वाट बघू नका, आजच घेऊन या. हृदयावर ताण आलाय. झालेलं नुकसान भरून येईल असं मी सांगत नाही.”

तिने सिद्धेशला कळवलं, “यंत्र, पंखा, फ्रीज मिळून साडेचारशे वॉट, आठ तास धर.”

“म्हणजे साडेतीन युनिटांच्या वर, बाई. मधली गळती धरून पाच युनिटची बॅटरी बसवतो. चवथीआधी.”

स्कूटर घेऊन ती घरी आली. कृष्णनाथ खिडकीशी बसला होता, नाकात नळी, शेजारी यंत्र घुरघुरत होतं. शेजारच्या शालिनीचा मुलगा गाडी काढत होता, म्हापशाला निघायचं होतं.

“रात्रीचं यंत्र तू बंद करतोस?”

तो चोरी पकडल्यासारखा हसला. “कोणी सांगितलान तुका?”

“ॲपने सांगितलं. का बंद करतोस?”

“काय तरी. सारखी सवय बरी नाय.”

“खरं सांग रे.”

त्याने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाला, “जुलैत जेवताना तूच म्हणालंस, ह्या घुरघुरीत डोळ्याला डोळा लागत नाही, वर्गात झापड येता. पाचाक उठतंस, घरची सगळी कामां, वर शाळा. म्हटलं पाच तास काय मरत नाय मी.”

ती असं म्हणाली होती. रागाने, भाताची पातेली आदळत. म्हणाली आणि विसरून गेली. बायका रोज असं पन्नास वेळा म्हणतात, आणि विसरतात.

तिने त्याच्या पायांत चपला घातल्या. उजवी जात नव्हती, सूज आड येत होती. पट्टा सैल करून ती तशीच जमिनीवर बसून राहिली. बाहेर हॉर्न वाजला.

“पण झोप बरी लागली मगे तुका?” त्याने विचारलं.

नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तो तिच्याकडे अशा आशेने बघत होता की तेवढंही त्याच्याकडून काढून घेणं तिला जमेना.

“लागली,” ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. महिनाभर ती मेल्यासारखी झोपली होती.