उरलेला अर्धा बोनस

धाकटा भाऊ नोकरी सोडायची म्हणून सांगायला आला, तेव्हा ताई कणीक मळत होती. तिनं हात न धुताच मानेनं त्याला खुर्ची दाखवली. तो बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "ताई, उद्यापासून मी जाणार नाही. त्या पॅकिंगच्या लाइनवर उभं राहायची भीती वाटते मला."

"भीती? तुला?"

"रोलरची जाळी काढून ठेवलीय. खोकी अडकली की आत हात घालून ओढायची, मशीन चालूच. सुपरवायझर म्हणतो, बंद केलं तर टार्गेट कोण पुरं करणार."

ताईचा नवरा धाकट्याच्याच कारखान्यात फिटर होता. तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "खरं सांगतोय. मी जाळी परत बसवा म्हणून लेखी दिलंय. दोनदा. सोडू दे त्याला."

ताईनं कणकेला पाण्याचा हात लावला. तिच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता, आणि तो तिच्या रोजच्या कामाचाच होता. ती त्याच कारखान्याच्या पगार विभागात होती. ओळखीतला माणूस कामाला आणला तर कंपनी बोनस द्यायची. पगार आणि एचआर विभागातल्यांना तो मिळत नसे, म्हणून धाकट्याचं नाव फिटरनं सुचवलं होतं. रक्कम एका पगाराएवढी. आणलेला माणूस तीन महिने टिकला की अर्धी, सहा महिने पुरे झाले की उरलेली. आणि त्याआधी तो गेला, तर दिलेली अर्धीसुद्धा सुचवणाऱ्याच्या पगारातून परत.

पहिली अर्धी आली होती. ती आली त्या महिन्यात फिटर पे-स्लिप हातात धरून तिच्या खिडकीशी उभा राहिला होता. "अगं, अर्ध्यातलंही अर्धंच दिसतंय!"

"अर्धं नाही, थोडंसंच कमी आहे. बोनस म्हणजे पगारच. ज्या महिन्यात हातात येतो त्या महिन्याच्या पगारात मिळवायचा आणि त्यावर कर कापायचा. बक्षीस म्हणून सूट नसते."

"म्हणजे मेव्हणा माझा, आणि वाटा सरकारला!" तो हसला होता. तीही हसली होती. त्या पैशांतून सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता परत करायला गाठीशी काहीच नव्हतं.

"थोडे दिवस काढ रे," ती कणकेकडे बघत म्हणाली. "सहा महिने भरत आलेत. मग खुशाल सोड. मीच दुसरीकडे बघते तुझ्यासाठी."

"अगं, पण..." फिटर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. महिन्याचा खर्च कसा भागतो ते मला विचारा."

धाकटा हसला. लहानपणापासून तो तिच्यापुढे असाच हरायचा. "बरं. तू म्हणतेस तर."

अपघात झाला तो सकाळच्या पाळीत. ताई आपल्या टेबलाशी रजांची नोंद करत होती. खालून भोंगा वाजला, आणि चालू लाइन थांबल्यावर येते तशी चमत्कारिक शांतता आली. कुणीतरी जिन्यावरून ओरडत आलं, "पॅकिंगला! पॅकिंगला!" ती धावत खाली पोचली तोवर फिटरनं मेनस्विच पाडला होता आणि आपला पट्टा काढून धाकट्याच्या दंडाला आवळला होता. धाकटा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. ताईला पाहून म्हणाला, "खोकं अडकलं होतं." एवढंच.

उजवा हात कोपराखाली गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टा वेळेवर बांधला नसता तर जीवही गेला असता.

चौथ्या दिवशी प्लांट मॅनेजरनं ताईला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या समोर एचआरच्या मॅडम बसल्या होत्या. मॅनेजरचा आवाज मऊ होता.

"तुमच्या मिस्टरांनी जे केलं त्याला तोड नाही. आम्ही त्यांना स्पॉट अवॉर्ड देतोय. चांगली रक्कम, व्हाउचरच्या रूपात. आणि कर कंपनी भरेल, त्यांच्या खिशाला झळ नको."

ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सर, व्हाउचर असलं तरी ते पगारात धरावं लागतं. आणि कर कंपनीनं भरला तर तो करही त्यांचंच उत्पन्न होतं. म्हणजे स्लिपवर व्हाउचरपेक्षा मोठी रक्कम दिसेल."

"दिसू दे की. तुम्ही आहात ना नीट बसवायला." त्यानं एक कागद पुढे सरकवला. "फक्त यावर त्यांची सही आणा. त्याशिवाय मंजुरी होत नाही."

ताईनं वाचलं. वर फिटरचं कौतुक होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सहकाऱ्याने सूचना न पाळता चालू यंत्रात हात घातल्यामुळे झालेल्या अपघातात यांनी प्रसंगावधान दाखवले.

"सर, ही ओळ..."

"ती कारणाची ओळ आहे. प्रत्येक अवॉर्डला कारण लिहावंच लागतं."

"पण कारण ते नाही. जाळी नव्हती."

मॅडमनी पेन बंद केलं. "हे बघा, अवॉर्ड हा कुणाचा हक्क नसतो. कंपनीनं मनात आणलं तर देते. नको असेल तर नको म्हणा. पण विचार करून म्हणा. घरी एक माणूस हात गमावून बसलाय."

कागद घेऊन ती इस्पितळात गेली. फिटर धाकट्याच्या उशाशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होता. त्यानं कागद वाचला आणि चमचा वाटीत ठेवला.

"सही केली तर याची चूक होती असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. मग भरपाईच्या वेळी हाच कागद याच्या तोंडावर मारतील."

"आणि नाही केली तर?"

"नाही केली तर नाही केली."

धाकटा डोळे मिटून ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊजी, घ्या हो. एक हात गेलाय, त्याचं काहीतरी तर घरात येऊ दे." मग ताईकडे वळला. "आणि बोनसचा तो दुसरा अर्धा? मी रजेवर आहे, पण नोकरीत आहेच ना अजून? मिळेल का?"

तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, ते तिला कळेना. तिला नियम माहीत होता. रजेवरचा माणूस नोकरीतच धरला जातो, आणि सहा महिने पुरे व्हायला थोडाच वेळ उरला होता. ती म्हणाली, "मिळेल," आणि लगेच तिला स्वतःची किळस आली.

फिटरनं सही केली नाही. पाहणीसाठी कारखाना निरीक्षक आले, तेव्हा त्यानं जाळीबद्दल काय लिहून दिलं होतं, कुणाला दिलं होतं, सगळं सांगितलं. मॅनेजर त्याच्या शेजारीच उभा होता.

स्पॉट अवॉर्डचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आठवड्याभरात धाकट्याला कळवण्यात आलं की चाचणीच्या काळात त्याचं काम समाधानकारक ठरलं नसल्यानं त्याला कायम करता येत नाही. सहा महिने भरायच्या आधीच.

ताई मॅडमकडे गेली. "त्यानं नोकरी सोडलेली नाही. तुम्ही काढलंत."

"नियमात काय लिहिलंय ते तुम्हालाच जास्त माहीत. सहा महिन्यांनी तो नोकरीत असला पाहिजे. का नाही, ते कुठे लिहिलंय?"

खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. मृत्यूचा अपवाद होता. कंपनीनं कर्मचारीकपात केली तर, त्याचाही होता. माणसाचा हात मशीनमध्ये जाईल आणि मग त्याला काढून टाकलं जाईल, हे नियम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं होतं म्हणूनच लिहिलं नव्हतं.

म्हणून महिनाअखेरीला फिटरच्या पगारातून पहिला अर्धा बोनस परत घ्यायचा आदेश आला, आणि तो तिच्याच टेबलावर आला. शेजारचा कारकून म्हणाला, "ताई, मी करतो. तुम्ही चहा घेऊन या."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही चुकाल."

तिनं तो नीट बसवला. हातात आलेली रक्कम नाही, कराआधीची पूर्ण रक्कम कापायची. करवर्ष तेच असल्यानं तेवढं उत्पन्न कमी करायचं, म्हणजे आधी गेलेला जास्तीचा कर पुढच्या महिन्यांच्या कपातीत हळूहळू वळता होतो. सगळं तिनं तसंच केलं. तिचं बोट कुठेही अडखळलं नाही. मग प्रसाधनगृहात जाऊन तिनं नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं.

घरी तिनं पगार कमी येणार असल्याचं सांगितलं, तेव्हा फिटर म्हणाला, "येऊ दे." तिला वाटलं, आता तो म्हणेल, मी सांगत होतो. तो म्हणाला नाही. त्यानंतरही कधी म्हणाला नाही, आणि तेच तिला सहन होईना. एकदा तीच भांडली, "बोला ना एकदाचं! शिव्या घाला!" तो उठून बाहेर गेला आणि भाजी घेऊन आला.

भरपाईची सुनावणी पुढच्या वर्षी लागली. साधीच खोली होती, भिंतीला ओल आलेली, वर कुरकुरणारा पंखा. ताई मागच्या बाकावर बसली. धाकट्याच्या शर्टाची उजवी बाही दुमडून तिला पिन लावलेली होती. ती पिन ताईनंच लावली होती. डाव्या हातानं त्याला ते जमत नसे, आणि तिच्याखेरीज कुणाला तो लावू देत नसे.

कंपनीचा वकील तरुण होता, माणूस वाईट वाटत नव्हता. त्यानं विचारलं, "जाळी नव्हती हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"भीती वाटत होती?"

"हो."

"मग नोकरी का सोडली नाहीत? कुणी जबरदस्ती केली होती?"

ताईनं समोरच्या बाकाची कड धरली. धाकट्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "कुणी नाही. मलाच पैशांची गरज होती."

वकिलानं ते लिहून घेतलं. निकाल लागला तेव्हा सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी जाळीचा दोष कंपनीवर ठेवला, पण धोका माहीत असूनही तो काम करत राहिला म्हणून भरपाईतला काही भाग कापला. फिटरची बदली दूरच्या गोदामात झाली होती. ताई अजून त्याच टेबलाशी होती. फिटरची नोकरी किती टिकेल ठाऊक नव्हतं, आणि दोघांपैकी एकाचा तरी पगार चालू राहायला हवा होता.

निकाल ऐकून घरी येताना ती त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "तू माझं नाव का नाही घेतलंस? सगळी भरपाई मिळाली असती कदाचित."

"तुझं नाव घेतलं असतं तर मिळाली असती?"

"ते नाही ठाऊक मला."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला गाड्यांकडे बघत थांबला.