शिवणीजवळचं नाव

बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला.

"हे माझ्या आईचं नाव म्हणून तुम्हीच दिलंत ना? मी त्या नावाचा पत्ता शोधून तिथं जाऊन आले. दार एका म्हातारीनं उघडलं. घरात मुलं, सुना, सगळे बसलेले. मी विचारलं, तर ती रडायलाच लागली. तिनं कुणाला कधी टाकलंच नव्हतं हो! आणि सुना तिच्याकडे कशा बघत होत्या, ते मी बघितलं."

दप्तरखान्यात जिला सगळे 'भिंग' म्हणत, ती कागद हातात घेऊन बघत राहिली. अनाथाश्रमाच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो वाचता येतील असे करणं हे तिचं काम. पण हा कागद तिच्या हातचा नव्हता. नाव कसं, छापल्यासारखं स्वच्छ! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं स्वच्छ येणं शक्यच नव्हतं.

वह्यांचे फोटो कंत्राटदाराच्या माणसांनी हातात कॅमेरा धरून उरकले होते. त्यानंतर दप्तरखान्याच्या साहेबांनी निम्म्या वह्या रद्दीत, कागदाच्या लगद्यासाठी धाडल्या. बाईंची नोंद असलेली वही त्यातच गेली.

"बसा," ती म्हणाली. "मूळ फाइल उघडते."

फोटोत पान हललेलं होतं. पण कोपऱ्यावर ठेवलेल्या पितळी वजनावर दिव्याचा एक ठिपका चमकत होता, आणि फोटोत त्याची आकड्यासारखी बारीक रेघ झाली होती.

"हात हलला तेव्हा पानावरच्या प्रत्येक बिंदूनं हीच वाट घेतली," भिंगनं सांगितलं. "वाट कळली, की गणितानं बरंचसं मागे नेता येतं."

तासाभरानं डावीकडच्या ओळी वर आल्या. कडा जरा खरखरीत होत्या, पण अक्षरं खरी होती. तारीख. बाळाचं वजन, पावणेतीन किलो. आणि शेवटी: 'आईने स्वतः आणून दिले. बराच वेळ बसून होती.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग बोट उजवीकडे सरकवलं. "आणि नाव?"

नाव वहीच्या शिवणीजवळ होतं. तिथं पान फुगलेलं, फोकस सुटलेला, वर सावली. भिंगनं तिथंही सगळं करून पाहिलं. अक्षरांभोवती नुसती कडी उमटली, आणि जोर वाढवला तसं चित्र नुसतं दाणेदार झालं.

"इथली बारीक वळणं फोटोत उतरलीच नाहीत. जे उतरलंच नाही, ते काढू कुठून?"

"मग तुम्ही कशाला बसलाय इथं?" बाई ओरडल्या.

भिंग उठली. तो कागद उचलून ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. बाई मागोमाग.

"हे नाव नवीन प्रोग्रॅमनं काढलंय," साहेब म्हणाले. "तुझी शेकडो पानं 'वाचता येत नाही' म्हणून पडून होती. आता एकही नाही."

"साहेब, तुमच्या आईचं नाव लिहा."

"काय?"

"लिहा!"

तिचा आवाज ऐकून त्यांनी लिहिलं. भिंगनं फोकस मुद्दाम सोडून त्या चिठ्ठीचे तीन फोटो काढले, प्रत्येक वेळी जरासा वेगळा, आणि साहेबांच्याच संगणकावर त्या प्रोग्रॅमला दिले. तीन नावं आली. तिन्ही सुंदर अक्षरात, तिन्ही वेगळी, आणि साहेबांची आई त्यात नव्हती.

"यातली कोण तुमची आई, साहेब? हा प्रोग्रॅम वाचत नाही. लाखो अक्षरं बघितलीत त्यानं, त्यावरून इथं काय शोभेल ते रंगवतो. आणि तुम्ही तेच शिक्का मारून लोकांच्या हातात देताय!"

साहेबांनी चिठ्ठी उलटी ठेवली. "अगं, लोकांना काहीतरी तर द्यायला हवं..."

"काहीतरी?" बाई पुढे झाल्या. "त्या म्हातारीच्या घरात तुमचं 'काहीतरी' आता कायमचं बसलं. तिथं तुम्ही जायचं. तिच्या सुनांसमोर सांगायचं की चूक आमची."

साहेबांनी पत्र पाठवतो म्हणून सांगितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी साहेबांनी गाडीची किल्ली उचलली.

ते गेल्यावर भिंगनं त्या प्रोग्रॅममधून गेलेलं एकेक छापील पान काढून त्यावर 'वाचता येत नाही' असा लाल शेरा मारायला सुरुवात केली. राग उतरत नव्हता. पेनाच्या टोकानं दोन पानं फाटली. मग तिनं वह्यांच्या गोदामाला फोन लावला आणि उरलेल्या वह्यांपैकी एकही लगद्यासाठी बाहेर पडली तर मी दारात आडवी पडेन, असं बजावलं. गोदामवाला हसला. ती हसली नाही. फोन ठेवून तिनं कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घेतला आणि उरलेल्या वह्यांचे फोटो पुन्हा काढायला गोदामाकडे निघाली.