पाच ओळींचा ईमेल

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नीला प्रक्रिया विभाग सांभाळायची. बी निवडायच्या नव्या यंत्राची तिची मागणी पुण्याच्या अर्थप्रमुखांनी दोनदा परत पाठवली होती. दोन्ही वेळा मॅनेजर काकासाहेबांनी तिला ईमेलमध्ये चाळीस रकाने भरायला लावले होते.

२००६ साली तिसऱ्यांदा तिने पाचच ओळी लिहिल्या.

"यंत्राला चोवीस लाख लागतील. चालवायचा खर्च वजा जाता वर्षाला आठ लाख वाचतील, म्हणजे तीन वर्षांत पैसे परत. सहा वर्षांत घातले तेवढेच वर मिळतील, म्हणजे परतावा शंभर टक्के. हंगाम सारखे वाईट गेले, तर पैसे परत यायला चार वर्षं लागतील. सविस्तर हिशेब सोबत जोडला आहे."

"मॅडम, एवढंसंच? अडाणी समजतील ते आपल्याला," काकासाहेब म्हणाले. "हे बिलकुल पाठवायचं न्हाई."

"समजू देत. खाली नाव माझं आहे," म्हणत नीलाने त्यांच्यासमोरच बटण दाबलं.

तासाभरात अर्थप्रमुखांचा फोन आला. "चार वर्षं कशी धरलीत?"

"बचत आठऐवजी सहा लाख धरून."

"ठीक. मंजूर करतो. आधीच असं का नाही लिहिलंत?"

"लिहू दिलं नव्हतं, सर," नीला काकासाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.