बिनसाखरेचा सोनेरी केक

साखर नसलेल्या केकला रंग चढत नाही. भट्टीत कितीही वेळ ठेवा, तो वरून फिकाच राहतो, आजारातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. बेकरीवालीला हे पक्कं ठाऊक होतं. साखर नुसती गोड करत नाही; ती केकला रंग देते, ओलावा धरून ठेवते, अंग भरते. एवढी कामं करणारी सून घरातून गेली की सगळ्या घराला तिची उणीव जाणवतेच.

तरी तिने हट्टाने तो केक सुरू केला होता, तो बाबांसाठी. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आई गेल्यावर ते दोन गल्ल्या पलीकडच्या खोलीत एकटे राहायला लागले आणि मधुमेह त्यांच्याबरोबर राहायला आला. गोड खाणाऱ्या माणसाला गोड बंद म्हणजे वर्षभर उपास. म्हणून तिने साखरेच्या जागी माल्टिटॉल नावाची गोड पूड घातली, गोडीला वर चिमूटभर सुक्रलोज, आणि काचेच्या कपाटात वेगळा खण केला. आधी बाबा, मग बाबांसारखे आणखी कितीतरी.

पहिले काही महिने हाल झाले. केक फिका, कोरडा. त्यात पोटाच्या तक्रारी. शेजारची निवृत्त मास्तरीण दारातच म्हणाली, "केक चांगलाय गं, पण रात्रभर पोटात ढोल वाजला. मी आपली एकटी राहते, नाहीतर लाजेने मेले असते." माल्टिटॉल आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही; जे उरतं ते पाणी ओढून घेतं आणि आतले जंतू त्यावर ताव मारून वायू सोडतात. थोडं खाल्लं तर चालतं, हात सैल सुटला की पोट बोलायला लागतं. बेकरीवालीने खणावर पाटी लावली, 'एका वेळी एकच तुकडा'. पाटी कोण वाचतो?

आणि मग एके दिवशी केक सुधारला.

सोनेरी पापुद्रा, आत मऊ. तक्रारी थांबल्या, मास्तरीण दोन-दोन तुकडे न्यायला लागली. बेकरीवालीला वाटलं, हात बसला. तिने भट्टीची आच थोडी बदलली होती, अंडी जास्त वेळ फेटली होती. माणसाला आपल्या हाताचं कौतुक फार लवकर पटतं. नवरा रोज सकाळी कोरडं मिश्रण मोजून डब्यात भरून ठेवायचा, ती ते अंड्या-दुधात मिसळून भट्टीत सारायची. लग्नापासून कामाची हीच वाटणी होती. त्याने मोजायचं, तिने भाजायचं. त्याच्या मापावर तिने कधी दुसरं माप ठेवलं नव्हतं.

फेटताना ती आईची ओवी गुणगुणायची:

गोडाला गोड म्हणू, कडूला कडू गं
बापाच्या पुढ्यात मन नको दडवू गं

काही महिन्यांनी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला बूट चावला, ती जखम भरेना. तिने त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी तपासणीचा कागद वाचला आणि चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं.

"आजोबा, साखरेची तीन महिन्यांची सरासरी बरीच वर गेलीय. आधी छान होती. काय बदललं?"

"काही नाही. लेक देते तेच खातो. तिचा बिनसाखरेचा केक."

"किती?"

"एखादा." मग जरा थांबून, "दोन. साखर नाहीच ना त्यात."

बाईंना हसू आलं, पण त्यात चेष्टा नव्हती. "हेच होतं बघा. साखर टाळली म्हणून मन म्हणतं, वाचलं, आता तेवढं दुसरं खाऊया. साखरेच्या जागी असं काही घेतलं तर वजन थोडं उतरतं, असं दिसलंय, पण वाचलेलं परत ताटात आलं की फायदा गेला. कुणाची भूक या गोडीने वाढते, कुणाची नाही. याचं सरळ उत्तर अजून कुणाकडे नाही."

"आणि पोटातले जंतू?" बेकरीवालीने विचारलं. तिला मास्तरणीचा ढोल आठवला. "लोक म्हणतात, त्यांचं वाटोळं होतं."

"काही अभ्यासांत सॅकरिन आणि सुक्रलोजने काही माणसांचे जंतू बदलले, साखर पचवायची रीतही बदलली. काहींचं काहीच झालं नाही. छातीठोक सांगणारा आला तर समजा, तो काहीतरी विकतोय. पण तुमच्या वडिलांची साखर एवढी वर जायला ते कारण मला पटत नाही. मैद्याने थोडी चढेल, माल्टिटॉलनेही थोडी, साखरेएवढी मात्र नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आजोबा बाहेर काहीतरी खात असतील. या वयात माणसं चोरून खातात. रागवू नका, पण विचारा. अंगठ्याचा प्रश्न आहे."

तिने रस्त्यातच विचारलं. विचारलं कुठलं, सुनावलं. "बाबा, मी रात्रंदिवस भट्टीपुढे भाजून निघते ती कुणासाठी? आणि तुम्ही कोपऱ्यावर जाऊन पेढे खाणार? लबाडी करायचं वय आहे का हे?"

बाबा चालता चालता थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मी खाल्लं नाही, चिमणे."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

"ते मला ठाऊक नाही." ते हळूच म्हणाले, "पण दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायला लागली, तर मी गिऱ्हाइकाला कधी खोटा म्हटलं नाही. दोन्ही एका टेबलावर ठेवायचो आणि बघत बसायचो."

तिने त्यांना घरी सोडलं, निघताना कपाटं मात्र उघडून बघितली. डबे हुंगले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा लोणी आणायला बाजारात गेला, तेव्हा तिला ते दोन घड्याळांचं बोलणं आठवलं. का आठवलं, तिलाही सांगता आलं नसतं. तिने दोन साचे घेतले. एकात डब्यातलं तयार मिश्रण. दुसऱ्यासाठी माल्टिटॉलची पिशवी फोडून मैद्यापासून सगळं स्वतः मोजलं. अंडी तीच, दूध तेच. दोन्ही साचे शेजारी शेजारी, एकाच भट्टीत, एकाच आचेवर.

मग स्टूल ओढून ती काचेसमोर बसली.

दोन्ही फुगले. मग डावा, डब्यातल्या मिश्रणाचा, कडेने पिवळा झाला, मधोमध तांबूस, आणि ओळखीचा, वाखाणलेला, सोनेरी. उजवा फिका, रंगाला भीक न घालणारा. भट्टीच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने विझलेलं.    तिच्या डोक्यात आलं, की अंडी जास्त फेटण्याचा, आच बदलण्याचा, हात बसण्याचा या रंगाशी काही संबंध नव्हता.

नवरा लोण्याचं खोकं घेऊन आत आला. दोन केक ओट्यावर होते. त्याने फिक्या केककडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खोकं तसंच हातात धरून उभा राहिला.

"अहो, डब्यात किती घालता?"

"काय किती?"

"साखर. मला मापात सांगा, तुम्हाला मापं चांगली जमतात."

तो खोकं खाली ठेवायला वेळ लावत होता. "अर्धं माल्टिटॉल काढलं, तेवढी साखर. लोकांची पोटं बिघडत होती. मास्तरीण गल्लीभर सांगत फिरत होती. आणि तू रात्री फिक्या केकपुढे बसून रडायचीस. बघवत नव्हतं मला. वाटलं, अर्ध्यानं काय होतंय? सगळी थोडीच घातली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू केकच बंद केला असतास."

"हो."

"तू किती खूश होतीस. पहिल्या दिवशी सोनेरी केक घेऊन दुकानभर फिरलीस. तेव्हा कसं सांगणार होतो?"

हाच खरा घाव होता. त्याने कुणाला वैऱ्यासारखं फसवलं नव्हतं; तिला खूश ठेवायला फसवलं होतं. तिचा आनंदच त्याने मिश्रणात मिसळून दिला होता, आणि तिने तो भाजून काढला, स्वतःच्या हाताने तुकडे करून बापाच्या ताटलीत वाढला.

"बाबांचा अंगठा," ती म्हणाली.

"मला वाटलं, ते एखादा तुकडाच..."

"बिनसाखरेचा म्हटल्यावर माणूस एकावर थांबत नाही. तुम्ही नावाला साखर काढलीत आणि डब्यात घातलीत. त्यांनी नावावर भरवसा ठेवला." तिने कपाटाकडे जाऊन तो खण रिकामा केला, पाटी उतरवली. "आजपासून जे गिऱ्हाईक येईल, त्याला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. मास्तरणीपासून सुरू करा. मी शेजारी उभी राहणार नाही."

"दुकान बुडेल."

"बुडू दे. बापापुढे दुकान तरंगत ठेवायचं कसलं?"

तिने दोन्ही केकचा एकेक तुकडा कागदात बांधला आणि दोन गल्ल्या चालून गेली.

बाबा खिडकीपाशीच होते. अंगठ्याला नवी पट्टी. साखर मोजायचं यंत्र त्यांनी टेबलावर मांडून ठेवलं होतं, सुई, पट्टी सगळं ओळीत, घड्याळाच्या भागांसारखं. तिने कागद उलगडला. सोनेरी आणि फिका. सगळं सांगितलं, मध्ये न थांबता.

बाबांनी सोनेरी तुकडा उचलून उजेडात धरला, घड्याळाचं आतलं बघावं तसा.

"म्हणजे मी खरं बोलत होतो."

"हो, बाबा."

"जावई घाबरला असेल. घाबरलेला माणूस काहीही करतो." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "त्याने साखर लपवली ते समजतं मला. पण तू माझे डबे हुंगलेस."

 तिला आईची ओवी आठवली.

बाबांनी बोट पुढे केलं. "घे, टोच. आकडा बघ, म्हणजे तुझा विश्वास बसेल."

तिने ते बोट हातात घेतलं. सुईच्या खुणांनी खडबडीत झालेलं. मग यंत्र उचलून खणात ठेवलं आणि खण लावला.

"डॉक्टरांकडे नेईन तेव्हा ते मोजतील. आज तुम्ही सांगा. काय काय खाल्लं? मी ऐकते."

ते खिडकीतून बाहेरच पाहत होते, तिच्याकडे नाही.

"सकाळी चहा. कोरा," ते म्हणाले. "दुपारी भाजी-भाकरी. आणि तुझा केक, बाईंना दोन सांगितले, खरे तीन. एक घरी आणून रात्री खायचो. बिनसाखरेचा आहे म्हणून."

"आणि?"

"आणि काही नाही."

"बरं," ती म्हणाली.

त्यांनी तेव्हाही मान वळवली नाही. फिका तुकडा मात्र त्यांनी आपल्याकडे ओढला, अर्धा तोडला, उरलेला अर्धा कागदासकट तिच्यापुढे सरकवला. ती खायला लागली. कोरडा होता, घोटभर पाण्याशिवाय गिळत नव्हता.