विक्कीनं बंद न केलेला कॅमेरा

"मेघा, माह्या पोरीनं हार घालायच्या टायमाले हा मागं कोण उभा आहे वं?" देवरावकाकांनी माझ्या एडिटिंगच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

हॉलमध्ये वाट चुकलेला कुणीतरी होता. मोबाइल कानाला लावून नवरा-नवरीच्या मागे उभा. शॉट संपेपर्यंत हलला नाही लेकाचा!

"काढते, काका," म्हणाले खरी. पण त्याला काढून त्या जागी दाखवू काय? तिथली रिकामी भिंत त्याच कोनातून, त्याच उजेडात एकदा तरी दिसायला हवी.

मग आठवलं. आमचा कॅमेरामन विक्की रेकॉर्डिंग बंद करायला विसरतो. मेमरी कार्ड भरतं म्हणून मी त्याला नेहमी झापते. तडक फाइलच्या शेवटाला गेले. माणसं जेवायला गेलेली, दिवे चालूच, कॅमेऱ्याचा स्टँड जागचा हललेला नाही आणि स्टेज मोकळं!

ती मोकळी फ्रेम मी व्हिडिओच्या खाली ठेवली. वर त्या माणसाभोवती मास्क, म्हणजे कापायची रेघ, आखून तेवढं भोक पाडलं, की त्यातून खालची रिकामी भिंत दिसावी. नवरीच्या पदराला तो चिकटत होता, तिथे मास्क फ्रेमागणिक सरकवला. माणूस गेला, भिंतीवर सावली राहिली. मास्क वाढवला, तीही गेली.

काका खुर्चीत टेकले. "आता दिसते माही पोरगी."

मी विक्कीला फोन लावला.

"कार्ड भरलं म्हणून ओरडून राहिली का?" तो आधीच घाबरला.

"नाही," मी म्हटलं. "उद्याच्या लग्नाले मोठं कार्ड घेऊन जा."